उडी पाठीवरची, तयारी गादीची

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. या स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीत सर्वेश कुशारे हा नाशिक जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातला खेळाडू होता. जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिलाच भारतीय. तिथे त्याने २.२८ मीटर उंची पार केली आणि सहावा क्रमांक मिळवला. वर्तमानपत्रांनी या यशाबरोबर त्याच्या शाळकरी दिवसांतली एक गोष्टही आवर्जून सांगितली. शाळेत पडायला गादी नव्हती, म्हणून मक्याची वाळलेली साले आणि कापूस भरून घरगुती गादी तयार करण्यात आली आणि त्याच गादीवर सर्वेश पाठीवर पडायला शिकला.

ही गोष्ट बहुतेकांनी जिद्दीची म्हणून वाचली. पण डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. उडी शिकवण्याआधी पडण्याची सोय करायला हवी, हे तिथे कुणाला तरी कळले होते. आज करंजाडेसारख्या नव्या वस्तीतल्या शाळांपासून गावातल्या शाळांपर्यंत मुले मोबाइलवर ही उडी पाहतात आणि मैदानावर करून बघतात. अशा वेळी ‘कशी उडायची’ यापेक्षा ‘कशावर आणि कसे पडायचे’ हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

पाठ करून उडी कशासाठी?

पूर्वी उंच उडी मारणारा खेळाडू वाळूच्या हौदात किंवा लाकडाच्या भुश्शात उतरायचा. त्यामुळे उडी अशी असावी लागे की शेवटी पाय किंवा हात जमिनीला लागतील. आपल्याकडच्या शाळांत अजूनही शिकवली जाणारी कात्री उडी त्यातलीच. तिच्यात एक पाय आधी आणि दुसरा मागून दांडीवरून नेतात आणि उभ्यानेच उतरतात. त्यानंतर पोट दांडीकडे करून तिच्यावरून लोळल्यासारखे जाण्याची पद्धत आली. रशियाच्या व्हॅलेरी ब्रुमेलने १९६३ मध्ये याच पद्धतीने २.२८ मीटरचा जागतिक विक्रम केला होता. सर्वेशने टोकियोत पार केलेली उंचीही तेवढीच. म्हणजे जुनी पद्धत काही कमी दर्जाची नव्हती.

१९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉसबरीने दांडीकडे पाठ करून २.२४ मीटर उडी मारली आणि सुवर्णपदक जिंकले. त्याच्या नावावरून या उडीला ‘फॉसबरी फ्लॉप’ म्हणतात. ही पद्धत जगभर पसरली, त्याला दोन कारणे होती. एक म्हणजे ती जुन्या पद्धतीपेक्षा लवकर शिकता येते. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. त्याच सुमारास वाळू आणि भुश्शाच्या जागी फोमच्या जाड गाद्या येऊ लागल्या होत्या. वाळूवर पाठीवर पडणे म्हणजे मणक्याशी खेळ. गादी आली म्हणून पाठीवरची उडी शक्य झाली, आणि गादी नसेल तर ती आजही शक्य नाही. वाळूच्या हौदात फ्लॉप शिकवू नये, या नियमाला अपवाद नाही.

पाठ करून उडण्याचा फायदा समजायला कमानीसारखी वाकलेली काठी डोळ्यांसमोर आणा. सरळ काठीचा गुरुत्वमध्य तिच्या मधोमध असतो. काठी वाकवली की तो कमानीच्या पोकळीत, म्हणजे काठीच्या बाहेर सरकतो. खेळाडूचे शरीर दांडीवर कमानीसारखे होते, तेव्हा आधी डोके, मग पाठ, मग कंबर आणि शेवटी पाय असा एकेक भाग दांडीवरून जातो. कंबर दांडीच्या वर असताना डोके आणि पाय तिच्या खाली असतात. त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य दांडीच्या अगदी जवळून, कधी तिच्या किंचित खालूनही जाऊ शकतो. तेवढ्याच ताकदीत थोडी जास्त उंची मिळते, ती अशी.

आधी गादी

गादीचे काम एका हिशेबातून स्पष्ट होते. दांडी १.३० मीटरवर आहे आणि मुलीची पाठ तिच्यावरून साधारण १.३५ मीटर उंचीने जाते, असे समजू. गादी ६० सेंटिमीटर उंच असेल तर पाठ गादीला टेकेपर्यंत ७५ सेंटिमीटर खाली येते. चांगली गादी तिला २५ सेंटिमीटर दबत दबत थांबवते. या थांबण्यात शरीरावर सरासरी वजनाच्या चौपट जोर येतो आणि तो पाठीच्या रुंद भागावर पसरतो. हे शरीर सहज सोसते.

आता त्या जागी व्यायामशाळेतली १० सेंटिमीटरची पातळ मॅट ठेवा. पडण्याचे अंतर वाढून सव्वा मीटर होते आणि थांबायला जेमतेम ५ सेंटिमीटर मिळतात. सरासरी जोर वजनाच्या २६ पटीवर जातो. उडी तीच आणि मुलगीही तीच, पण हा धक्का मानेवर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूवर आला तर परिणाम गंभीर असतो.

गादी उंच असण्याचे आणखी एक कारण आहे. फ्लॉपमध्ये शरीर हवेत मागच्या बाजूला फिरत असते. उंच गादी हे फिरणे लवकर थांबवते आणि खेळाडू खांद्याच्या पात्यांवर उतरतो. गादी बुटकी असेल तर फिरायला जास्त वेळ मिळतो. मग पात्यांऐवजी मान किंवा डोके आधी टेकते. म्हणून ‘दांडी खालीच ठेवली आहे, मग पातळ गादी चालेल’ हा विचार चुकीचा आहे.

जागतिक संघटनेच्या नियमांनुसार उतरण्याची गादी किमान ५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असावी. मोठ्या स्पर्धांसाठी ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर उंच गादी वापरतात. दोन खांबांमधले अंतर मात्र साधारण ४ मीटरच असते. म्हणजे गादी दोन्ही बाजूंना खांबांच्या बाहेरपर्यंत येते. हे जास्तीचे अंतर का लागते, ते पुढे धावमार्ग आखताना कळेल.

शाळेत एवढी मोठी एकसंध गादी क्वचितच असते. तिथे दोन-तीन गाद्या जोडून लावतात आणि अपघाताची पहिली जागा तिथेच तयार होते. उडी पडली की जोडलेल्या गाद्या एकमेकींपासून सरकतात, मधे फट पडते आणि पुढच्या मुलाचा हात किंवा पाय त्या फटीत जातो. त्यामुळे गाद्या पट्ट्यांनी घट्ट बांधाव्यात आणि सगळ्यांवरून एकच जाड आच्छादन ताणून लावावे. काँक्रीटवर गादी घसरते, म्हणून तिच्या खाली न सरकणारे काहीतरी हवे. गादी लाकडी चौकटीवर ठेवली असेल तर चौकटीची कडा गादीबाहेर बोटभरसुद्धा येता कामा नये.

फोमही म्हातारा होतो. पनवेल परिसरातला पाऊस लक्षात घेतला तर उघड्यावर राहिलेली गादी पाणी पिते, आतून कुजते आणि तिची उसळी जाते. वरून मात्र ती ठीक दिसते. ती तपासायची रीत सोपी आहे. मोठ्या माणसाने गादीवर ठिकठिकाणी गुडघा टेकवून पूर्ण वजन द्यावे. गुडघ्याला खालची जमीन लागली तर ती जागा बाद. उडीचा आवाजही सांगतो. चांगल्या गादीवर पडताना हवा दाबल्यासारखा मऊ आवाज येतो, बसलेल्या गादीवर टणक ‘धप्प’ ऐकू येतो. घरगुती गादीला, मग ती मक्याच्या सालांची असो वा जुन्या फोमच्या तुकड्यांची, हीच परीक्षा लावावी. भरलेला माल एका कोपऱ्यात गोळा होत असेल तर तो रोज सारखा करून घ्यावा लागतो.

खांब आणि गादी यांच्यात किमान १० सेंटिमीटर अंतर ठेवतात, नाहीतर गादी दबताना खांबाला धक्का बसतो आणि दांडी आपोआप पडते. प्रत्येक उडीनंतर गादी सरकली का ते पाहून ती जागेवर आणावी. खांबांचे तळ जड असावेत आणि त्यांच्यावर मऊ आवरण असावे. दांडीच्या जागी बांबू किंवा लोखंडी पाइप कधीही लावू नये, कारण त्यावर पाठ आपटते. सुरुवातीला तर दांडीच नको. दोन खांबांना सैल बांधलेले जाड इलॅस्टिक पुरेसे आहे. त्याला अंग लागले तरी दुखत नाही आणि दांडीची भीतीही बसत नाही.

पडणे शिकायचे, मग उडणे

गादी तयार झाली की पहिला धडा उभ्यानेच देतात. मूल गादीकडे पाठ करून उभे राहते, दोन्ही पायांनी वर उसळी घेते आणि पाठीवर गादीवर पडते. दांडीही नाही आणि धावणेही नाही. या धड्यात तीन सवयी लावायच्या असतात.

पहिली सवय हनुवटीची. गादी जवळ येताना हनुवटी छातीकडे ओढलेली हवी, म्हणजे डोके मागे झटकत नाही. दुसरी सवय टेकण्याच्या जागेची. आधी खांद्याची पाती आणि पाठीचा वरचा भाग टेकला पाहिजे. हात बाजूला पसरलेले असावेत. मागे टेकू देण्यासाठी हात खाली नेला तर मनगट किंवा कोपर दुखावते. तिसरी सवय गुडघ्यांची. गुडघे थोडे फाकलेले ठेवायचे, कारण पाय डोक्याकडे येतात तेव्हा जुळलेले गुडघे थेट तोंडावर आपटतात. नाक फुटणे आणि दात हलणे यामागे बहुधा हेच असते.

इथे एक बारकावा आहे. हनुवटी छातीला लावणे चांगले, पण शरीर जास्त फिरून मानेवर उतरले तर वाकलेल्या मानेवरच सगळे वजन येते. म्हणून हनुवटीबरोबर पात्यांवर उतरणे हीसुद्धा तितकीच आवश्यक अट आहे. एखादे मूल मागे कोलांटी मारून उठत असेल तर ते ऐटीचे वाटते, प्रत्यक्षात ते जास्त फिरत असल्याची खूण असते. त्याला पुढच्या धड्याकडे नेऊ नये. सलग दहा उड्यांत मूल दरवेळी पात्यांवर उतरले आणि गादीवर स्थिर थांबले, तरच इलॅस्टिक बांधावे आणि तेही कंबरेच्या खाली.

वळणाचे गणित

आता धावणे. फ्लॉपमधली धाव इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी असते. ती आधी सरळ असते आणि शेवटची चार-पाच पावले वळणावर पडतात. हे वळण दिसायला छान म्हणून नसते. सायकलस्वार वळणावर आतल्या बाजूला कलतो, तसा धावपटूही कलतो. फ्लॉपमध्ये हा कल दांडीपासून दूर, वळणाच्या आतल्या बाजूला असतो. शेवटच्या पावलावर कललेले शरीर सरळ उभे होत जाते आणि त्या उभे होण्यातूनच दांडीकडे फिरण्याची गती मिळते. म्हणजे पाठीवर जाण्यासाठी मुद्दाम मागे झुकावे लागत नाही. वळण नीट घेतले तर शरीर सरळ वर जाता जाता आपोआप दांडीवर आडवे होते.

कल किती असावा, हे वेग आणि वळणाची गोलाई ठरवतात. सेकंदाला ५ मीटर वेगाने ७ मीटर त्रिज्येच्या वळणावर धावणारे मूल उभ्या रेषेपासून सुमारे २० अंश कलते. वळण फार तंग केले तर कल सांभाळता येत नाही आणि पाय घसरतो. वळण फार सैल केले तर कलच तयार होत नाही.

हे प्रत्यक्ष आखून पाहू. करंजाडेतल्या एखाद्या शाळेत आठवीतली एक मुलगी डाव्या पायाने उडी घेते, असे समजा. डाव्या पायाने उडणाऱ्याने दांडीकडे तोंड करून उजव्या बाजूने यायचे, म्हणजे उडीच्या क्षणी दांडीपासून लांबचा पाय जमिनीवर असतो. पीटीचे सर मोजपट्टी आणि चुना घेतात. उजव्या खांबापासून आतल्या बाजूला १ मीटर आणि दांडीपासून सुमारे ७० सेंटिमीटर मागे, म्हणजे साधारण हाताच्या अंतरावर, ते पहिली खूण करतात. ही उडी घेण्याची जागा. मग उजव्या खांबाच्या बाहेर २ मीटर आणि दांडीच्या रेषेपासून साडेसहा मीटर मागे दुसरी खूण. इथून वळण सुरू होते. त्याच सरळ रेषेत आणखी मागे, दांडीपासून सुमारे १३ मीटरवर तिसरी खूण. ही सुरुवातीची जागा.

पहिली चार पावले सरळ, पुढची चार वळणावर, एकूण आठ. सुरुवातीला मुलगी दांडीकडे काटकोनात धावत असते. वळण संपताना तिची दिशा दांडीशी साधारण ३५ अंशांचा कोन करते. ही मापे काही अटळ नाहीत. पावले लांब असतील तर खुणा मागे न्याव्या लागतात. दोन दिवस खुणा बदलून पाहिल्या की आठवे पाऊल पहिल्या खुणेवर बरोबर पडू लागते.

आता गादी खांबांच्या बाहेरपर्यंत का हवी, ते दिसेल. ही मुलगी हवेत पाऊण सेकंदापेक्षा थोडी कमी वेळ असते आणि त्या वेळात दांडीच्या दिशेने, म्हणजे डावीकडे, साधारण पावणेदोन मीटर सरकते. उजव्या खांबापासून एक मीटरवर उडी घेतली तर ती पावणेतीन मीटरवर उतरते. ही जागा गादीच्या मधोमध नसून डावीकडे असते. तिने चुकून दांडीच्या मध्यावर, म्हणजे दोन मीटरवर उडी घेतली तर उतरण्याची जागा पावणेचार मीटरवर, डाव्या खांबाजवळ येते. थोडा वेग वाढला की ती खांबाच्याही पलीकडे जाते. गादीबाहेर पडण्याचे अपघात असे होतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की मुलगी ‘तोल जाऊन’ पडली. खरी चूक जमिनीवर, उडी घेण्याच्या जागेत असते. म्हणून प्रत्येक उडीनंतर सरांनी गादीवर पाठीची खूण कुठे उमटली ते पाहावे. ती खूण गादीच्या कडेपासून हातभर अंतरावर आली तर दांडी वाढवायची नाही, धाव सुधारायची.

शेवटचे पाऊल

वळण शिकवण्यासाठी मैदानावर ७ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखून त्यावर मुलांना धावायला लावतात. डोके आणि खांदे आत वाकलेले नसावेत, कल घोट्यापासून असावा. त्यानंतर याच वळणावरून कात्री उडी मारून गादीवर उभ्याने किंवा बसून उतरायला सांगतात. हा धडा अनेक शिक्षक गाळतात, पण त्यातूनच मूल सरळ वर उडायला शिकते. कात्री उडीत आधीच मागे पडायची सोय नसल्याने मुलाला उभेच राहावे लागते.

शेवटून दुसरे पाऊल किंचित लांब असते, त्यात कंबर थोडी खाली येते. शेवटचे पाऊल झटपट आणि सपाट पडते, पाय शरीराच्या थोडा पुढे टेकतो. पायाचा जमिनीशी संबंध सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेळ राहतो. दांडीकडचा गुडघा जोरात वर येतो आणि दांडीपासून दूर, विरुद्ध खांद्याकडे वळतो. या वळण्यानेच पाठ दांडीकडे फिरते.

घोट्याच्या दृष्टीने इथली एक गोष्ट महत्त्वाची. उडीचा तळवा धावेच्या दिशेत, म्हणजे गादीच्या दूरच्या मागच्या कोपऱ्याकडे वळलेला असावा. बरीच मुले लवकर पाठ फिरवण्याच्या घाईत तळवा दांडीला समांतर किंवा तिच्यापासून दूर वळवून टेकवतात. शरीर एका दिशेने जाते, पाय दुसऱ्या दिशेने रोवलेला राहतो आणि घोटा आतल्या बाजूला मुरगळतो. घोट्याच्या आतल्या बाजूला वारंवार दुखत असेल तर आधी चुन्यावर उमटलेला पावलाचा ठसा बघावा. ओल्या मैदानावर तर वळणाची धाव घ्यायचीच नाही. कललेल्या शरीराखालून पाय निसटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

पाय जमिनीवरून सुटला की गुरुत्वमध्याचा मार्ग बदलता येत नाही. हवेत फक्त शरीराचे भाग एकमेकांच्या तुलनेत हलवता येतात. डोके आणि खांदे दांडीपलीकडे गेल्यावर ते मागे सोडले की कंबर वर येते. कंबर पार झाली की हनुवटी छातीकडे ओढायची, त्याच्या प्रतिक्रियेने पाय वर येतात आणि टाचा दांडीला लागत नाहीत. म्हणजे मान वाचवणारी हालचालच पायही सोडवते.

दांडी कशी पडली, यावरून चूक ओळखता येते. वर जाताना खांदा किंवा पाठ दांडीला लागली तर उडी फार जवळून घेतली, किंवा शेवटच्या दोन पावलांत वळण सोडून मुलगी सरळ दांडीकडे धावली. खाली येताना नितंब लागले तर उडी फार लांबून घेतली किंवा कमान लवकर सुटली. फक्त टाचा लागल्या तर हनुवटी उशिरा ओढली गेली. आणि मुलगी दांडीवर झोपल्यासारखी, उंची न घेताच पडत असेल, तर ती जमिनीवर असतानाच मागे झुकत आहे. तिला पुन्हा कात्री उडीकडे न्यावे.

कधी थांबायचे

वाढत्या वयात कंबरेच्या मणक्यांची हाडे अजून पक्की झालेली नसतात. पाठीची कमान पुन्हा पुन्हा केल्याने खालच्या मणक्यात बारीक ताणाचे फ्रॅक्चर होऊ शकते. त्याची खूण म्हणजे कंबरेत एका बाजूला दुखणे, जे मागे वाकताना आणि विशेषतः एका पायावर उभे राहून मागे वाकताना वाढते. असे दुखणे दोन-तीन आठवड्यांहून जास्त राहिले तर ‘स्नायू आखडला असेल’ म्हणून मलम चोळत बसू नये. साध्या एक्स-रेमध्ये ते सुरुवातीला दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे ठीक आला तरी डॉक्टर एमआरआय सुचवू शकतात. या काळात कमान बंद ठेवावी लागते. वेळीच थांबले तर बहुतेक मुले पुन्हा खेळू लागतात. शाळकरी वयात एका दिवशी पूर्ण धावेच्या पंधरा-वीस उड्या आणि आठवड्यातून दोन दिवस, एवढे पुरेसे आहे. थकलेल्या मुलाचे वळण आधी बिघडते आणि मग पडणे.

मानेवर पडलेल्या मुलाबाबत मात्र एकच वागणूक योग्य. त्याला हात धरून उठवू नये, बसवू नये, पाणी पाजू नये. गादीवरच, ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत, डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे आणि १०८वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. बाकीच्या मुलांना गादीपासून दूर ठेवावे, कारण गादीवर चढणाऱ्याच्या वजनानेही मान हलते. मानेच्या मधोमध दुखणे, हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा, हात-पाय हलवायला जड वाटणे, यातले एकही लक्षण असेल तर मूल स्वतः उठून चालू लागले तरी त्याला पुन्हा झोपवून मान स्थिर ठेवावी. ‘चालतोय म्हणजे ठीक आहे’ हा निष्कर्ष मानेच्या दुखापतीत फसवा ठरतो.

करंजाडेतल्या त्या आठवीतल्या मुलीच्या पालकांनी शाळेत विचारायचे प्रश्न यातूनच ठरतात. गादी किती लांब आहे, जोडलेली आहे की एकसंध, तिच्यावर गुडघा टेकवून कुणी पाहिले का? दांडीऐवजी इलॅस्टिक वापरतात का? मुलीला आधी उभ्याने पडायला शिकवले का? धावेच्या खुणा चुन्याने आखल्या आहेत का? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की सर दांडी किती उंचीवर लावतात, याची काळजी पालकांना करावी लागत नाही. ती हळूहळू, पाच-पाच सेंटिमीटरने, मुलीच्या पाठीची खूण गादीवर कुठे उमटते ते पाहून वर जात राहते.